वर्गणी थकली तर सही चालते का?

ऑक्टोबरातली दुपार होती. माझ्याकडे सीएची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करून गेलेल्या एका मुलीचा इचलकरंजीहून फोन आला. आता ती स्वतःची प्रॅक्टिस करते, सुताचे व्यापारी आणि दोन-तीन कापड-प्रोसेसर हे तिचे क्लायंट. आवाज घाबरलेला होता.

"मॅडम, सहीच्या कागदावरचा यूडिन नंबर निघत नाहीये. सीओपी नाही असं दाखवतंय."

"फी भरली होतीस का?"

"हो, एप्रिलमध्येच भरली. पावती आहे माझ्याकडे."

"पावती उघड आणि वाच बघू. कशाची आहे?"

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मग ती हळूच म्हणाली, "फक्त मेंबरशिपची."

एप्रिलमध्ये तिला एका कंपनीची नोकरी चालून आली होती. जायचं की प्रॅक्टिसच करायची, हे ठरत नव्हतं. म्हणून तिने सभासदत्वाची फी भरली आणि सीओपीची, म्हणजे प्रॅक्टिसच्या परवान्याची, फी 'ठरलं की भरू' म्हणून बाजूला ठेवली. पुढे नोकरी नाकारली, काम सुरू राहिलं, पावसाळा गेला, टॅक्स ऑडिटचा हंगाम आला. ती फी राहून गेली ती गेलीच.

हा लेख चार्टर्ड अकाउंटंट मंडळींच्या वार्षिक फीबद्दल आहे. फी थकली की नक्की काय जातं आणि काय जात नाही, याबद्दल आमच्या पेशातल्या लोकांचाही गोंधळ असतो, आणि आमच्या सहीवर विसंबून असलेल्या क्लायंटना तर याची काहीच कल्पना नसते. कोणी म्हणतं, "वर्गणीच ती, उशिरा भरली तर काय होतंय?" दुसरा घाबरून विचारतो, "म्हणजे माझं सीएपण गेलं का?" दोघांचंही बरोबर नाही.

मुळात 'सीए आहे' या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी गुंडाळलेल्या असतात, आणि त्या सुट्या केल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

पहिली गोष्ट परीक्षा. फायनल पास झालात, आर्टिकलशिप पुरी केलीत, ते तुमचं झालं. फी भरली नाही म्हणून कोणी निकाल मागे घेत नाही. वीस वर्षं एक रुपया भरला नाही तरी परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही.

दुसरी गोष्ट नाव. 1949 च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने आमच्या पेशाच्या इन्स्टिट्यूटला सभासदांची एक नोंदवही ठेवायला सांगितली आहे. परीक्षा पास झालेला माणूस अर्ज करून, फी भरून या नोंदवहीत नाव चढवतो, तेव्हा तो सभासद होतो. 'चार्टर्ड अकाउंटंट' ही उपाधी सभासदाची आहे, नुसत्या परीक्षा पास झालेल्याची नाही. नाव नोंदवहीत ठेवायचं तर दरवर्षी सभासदत्वाची फी.

तिसरी गोष्ट सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस, आमच्या बोलीत सीओपी. त्याच कायद्याचं कलम 6 सांगतं की इन्स्टिट्यूटच्या कौन्सिलकडून हे सर्टिफिकेट घेतल्याशिवाय कोणत्याही सभासदाला प्रॅक्टिस करता येणार नाही. म्हणजे नाव नोंदवहीत असूनही ऑडिटवर सही करायचा अधिकार तेवढ्याने मिळत नाही. कंपनीत नोकरी करणारे माझे कितीतरी वर्गमित्र पक्के सभासद आहेत, पण त्यांच्याकडे सीओपी नाही, आणि त्यांना ती लागतही नाही. सीओपीची फी वेगळी, तीही दरवर्षी.

परवाना म्हणतात तो हा तिसरा कागद. कंपनी कायदा 2013 मध्ये 'चार्टर्ड अकाउंटंट' या शब्दाची व्याख्याच अशी आहे की ज्याच्याकडे वैध सीओपी आहे तो. आयकर कायद्यातल्या 'अकाउंटंट'च्या व्याख्येतही हीच अट आहे. त्यामुळे इन्स्टिट्यूटच्या दप्तरातली एक फी थकली की तिचा परिणाम इन्स्टिट्यूटच्या आवारात थांबत नाही. सीओपी गेल्याच्या दिवसापासून कंपनी कायद्याच्या आणि आयकराच्या दृष्टीने तुम्ही ऑडिट करू शकणारी व्यक्ती उरत नाही.

इथे 'वर्गणी' या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण बराचसा गोंधळ या शब्दानेच घातला आहे. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीपासून जिमखान्याच्या वर्गणीपर्यंत सगळ्याला एकच शब्द. पेशातल्या संस्थांतही दोन जाती आहेत. मुंबईची बॉम्बे चार्टर्ड अकाउंटंट्स सोसायटी 1949 पासून चालू आहे. तिची व्याख्यानं ऐकून आणि तिचं मासिक वाचून आमच्या दोन पिढ्या शिकल्या. पण ती स्वेच्छेची संस्था आहे. तिचं सभासदत्व संपलं तर मासिक बंद होईल, शिबिराला जास्त पैसे मोजावे लागतील, सहीला मात्र काही होणार नाही. इन्स्टिट्यूट म्हणजे आयसीएआय ही संसदेच्या कायद्याने उभी राहिलेली संस्था. दोन्हीकडे आपण 'मेंबर' असतो आणि दोन्हीकडून 'रिन्यूअल'ची मेल येते, म्हणून दोन्ही एकाच तागडीत तोलल्या जातात.

डॉक्टरांकडेही हाच प्रकार आहे. इंडियन मेडिकल असोसिएशनची वर्गणी थांबली म्हणून कोणाचा दवाखाना बंद होत नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं दर पाच वर्षांनी होणारं नूतनीकरण राहिलं तर मात्र ते परवान्याचं प्रकरण होतं. वकिलांची सनद बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून येते, तर तालुक्याच्या बार असोसिएशनची वर्गणी ही बाररूमच्या खुर्चीची आणि असोसिएशनच्या मतदानाची. तुमचा पेशा कोणताही असो, रिन्यूअलची मेल आली की एवढंच तपासा: ही संस्था कायद्याने नेमलेली नोंदवही ठेवते की नाही? ठेवत असेल तर ती फी वर्गणी नाही, परवान्याचं भाडं आहे.

आता तारखा. सीएच्या फीचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि दोन्ही फी त्याच दिवशी देय होतात. पण 2 एप्रिलला काही आकाश कोसळत नाही. 1988 च्या नियमावलीतल्या नियम 10 प्रमाणे सीओपीची फी त्या वर्षीच्या 30 सप्टेंबरपर्यंत आली नाही, तर कौन्सिल सीओपी रद्द करू शकतं. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर हे सहा महिने फी थकलेली असली तरी सीओपी जिवंत असते. जुलैत सही केलेल्या बॅलन्सशीटवर 'त्या दिवशी फी भरली नव्हती' म्हणून बोट ठेवता येत नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण सप्टेंबरात फी भरून आलेली माणसं कधीकधी उगाच मागची सगळी कामं तपासत बसतात.

खरा धोका 1 ऑक्टोबरला सुरू होतो, आणि तो नेमका त्या वेळी का येतो हे आमच्या पेशाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. टॅक्स ऑडिटचा अहवाल देण्याची नेहमीची शेवटची तारीखही 30 सप्टेंबरच. वर्षातला सगळ्यात कामाचा महिना आणि फीची शेवटची मुदत एकाच दिवशी संपतात. रात्री दोनपर्यंत फॉर्म 3सीडीतले आकडे जुळवणाऱ्या माणसाला त्या आठवड्यात इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवर जाऊन स्वतःची फी बघायला फुरसत नसते. त्यातून ऑडिटची मुदत पुष्कळदा वाढते. 2025 मध्ये ती आधी 31 ऑक्टोबरपर्यंत आणि मग 10 नोव्हेंबरपर्यंत गेली. ऑडिटची मुदत वाढली म्हणून फीची मुदत आपोआप वाढत नाही. ती वाढली असेल तर इन्स्टिट्यूटची वेगळी घोषणा असते आणि तीच वाचायची असते. पण ऑडिट पुढे गेलं की मनात सगळंच पुढे गेल्यासारखं होतं. माणूस ऑक्टोबरभर निवांत सह्या करत राहतो, आणि त्या सह्यांखालची जमीन 1 तारखेलाच सरकलेली असते.

तर इचलकरंजीची ती मुलगी. तिला म्हटलं, आधी कोणाला काही कळवू नकोस, कागद घेऊन बस आणि गेल्या पंधरा दिवसांत काय काय सही केलंस ते तारखेनिशी सांग. तिच्या वहीत तीन नोंदी निघाल्या.

29 सप्टेंबरला एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या ऑडिट रिपोर्टवर सही. 3 ऑक्टोबरला एका क्लायंटच्या मुलाच्या परदेशी शिक्षणाच्या व्हिसासाठी नेटवर्थ सर्टिफिकेट. 4 ऑक्टोबरला एका सूत व्यापाऱ्याचा टॅक्स ऑडिट रिपोर्ट, आयकराच्या पोर्टलवर चढवलेला. तिन्हींचे यूडिन काढायचे राहिले होते.

यूडिन म्हणजे आम्ही सही केलेल्या प्रत्येक प्रमाणपत्राला आणि ऑडिट रिपोर्टला दिला जाणारा अठरा अक्षर-अंकांचा क्रमांक. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सही करणाऱ्याच्या सभासद क्रमांकाचे, उरलेले दहा यंत्राने दिलेले. फेब्रुवारी 2019 पासून प्रमाणपत्रांना आणि त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत टप्प्याटप्प्याने सगळ्या ऑडिटला तो सक्तीचा झाला. सीएचा खोटा शिक्का मारून कागद फिरवणाऱ्यांना आळा बसावा हा हेतू होता. हा क्रमांक सही करतानाच काढायचा, पण सहीपासून साठ दिवसांपर्यंत काढण्याची सवलत आहे. ही सवलत चांगली आहे, आणि तिनेच या मुलीचा घात केला. ती यूडिन एकेक काढत नसे, आठवड्या-दोन आठवड्यांचे एकदम काढत असे. सहीच्या वेळीच काढायची सवय असती तर 3 ऑक्टोबरला सकाळीच पोर्टलने तिला अडवलं असतं, आणि मग प्रश्न नुसता फी भरण्याचा उरला असता.

तिन्ही कागदांना एकच उत्तर नव्हतं, म्हणून ते एकेक घेऊ.

29 सप्टेंबरचा ऑडिट रिपोर्ट. सही केली त्या दिवशी सीओपी वैध होती. सही पक्की. अडचण फक्त यूडिनची, कारण तो काढायचा अधिकार पूर्ण वेळ प्रॅक्टिसची सीओपी असणाऱ्यालाच आहे. साठ दिवस म्हणजे 28 नोव्हेंबरपर्यंत वेळ होता. सीओपी त्याआधी परत मिळाली तर हा कागद सुटला.

3 ऑक्टोबरचं नेटवर्थ सर्टिफिकेट. हे मला सगळ्यात नाजूक वाटलं. टॅक्स ऑडिट निदान आपल्याच पोर्टलवर, आपल्या नजरेसमोर असतं. हा कागद क्लायंटच्या हातात होता आणि कदाचित व्हिसाच्या अर्जाबरोबर गेलाही असता. तिकडे बसलेल्या अधिकाऱ्याने यूडिन शोधला आणि सापडला नाही, तर त्रास त्या मुलाला झाला असता, फी विसरलेल्या सीएला नाही. सुदैवाने अर्ज जायचा होता. मी तिला सांगितलं, आत्ता उठ, त्यांच्या घरी जा, कागद परत घे, आणि कारण खरं सांग. लाज वाटली तरी सांग. ती गेली. क्लायंटच्या बायकोने चहा दिला आणि विचारलं, "मग नवीन कधी मिळेल?" एवढंच. लोक आपल्याला वाटतं त्यापेक्षा समजूतदार असतात, वेळेवर सांगितलं तर.

4 ऑक्टोबरचा टॅक्स ऑडिट. सीएने अहवाल चढवला की करदात्याला स्वतःच्या लॉगिनमधून तो स्वीकारावा लागतो, तोवर तो पुरा होत नाही. व्यापाऱ्याने अजून स्वीकारला नव्हता. त्याला तो नाकारायला सांगितला. त्या वर्षी मुदत पुढे गेलेली होती, म्हणून पुन्हा चढवायला वेळ होता.

मग मूळ दुखणं. नियमावलीतला नियम 11 अशा माणसांसाठीच आहे. फी न भरल्यामुळे सीओपी रद्द झाली असेल, आणि ती परत मिळवण्याचा पूर्ण भरलेला अर्ज, फीसकट, ते वर्ष संपायच्या आत म्हणजे 31 मार्चच्या आत पोचला, तर कौन्सिल सीओपी रद्द झाल्याच्या तारखेपासूनच परत देऊ शकतं. 'रद्द झाल्याच्या तारखेपासून' या शब्दांत सगळं आलं. 1 ऑक्टोबरला गेलेली सीओपी 1 ऑक्टोबरपासूनच परत, म्हणजे दप्तरात खाच राहत नाही. तिने त्याच संध्याकाळी इन्स्टिट्यूटच्या पोर्टलवरून अर्ज केला, थकलेली फी आणि सीओपी परत मिळवण्याची वेगळी फी भरली. या वेळी मी पावतीतली प्रत्येक ओळ फोनवर वाचून घेतली. आदेश येईपर्यंत एकही सही करायची नाही असं ठरलं. आठवड्याभरात काम झालं.

त्यावर तिने विचारलं, आणि प्रश्न अगदी रास्त होता: "मॅडम, 1 तारखेपासून मिळाली ना? मग 3 तारखेचं सर्टिफिकेट तसंच दिलं तर?"

दप्तराच्या भाषेत कदाचित चाललंही असतं. पण मी नको म्हटलं, आणि आजही नकोच म्हणेन. ज्या क्षणी पेन कागदावर टेकलं, त्या क्षणी तिच्याकडे सीओपी नव्हती. नंतर मिळालेल्या आदेशाने मागची खाच बुजते ती चुकून राहिलेल्यासाठी. ती बुजेल या भरवशावर कागद बाजारात सोडणं वेगळं. पुढे कधी त्या सर्टिफिकेटवरून वाद झाला, तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल की सही केली त्या दिवशी तुम्हाला अधिकार होता का. जो कागद परत घेता येण्यासारखा आहे, तो परत घेऊन नव्या तारखेने द्यावा. तिने दोन्ही कागद नव्या तारखेने, नव्या सहीने आणि सहीच्या वेळीच काढलेल्या यूडिनने दिले. 29 सप्टेंबरच्या रिपोर्टला यूडिन तेवढा काढला, तारीख तीच राहिली.

हे प्रकरण ऑक्टोबरातच उघडकीला आलं म्हणून सोपं गेलं. तेच पुढच्या एप्रिलमध्ये कळलं असतं तर? 31 मार्च उलटला की नियम 11 चं हे दार बंद होतं. सीओपी परत घेता येते, पण मागच्या तारखेची हमी राहत नाही, आणि मधले महिने दप्तरात कोरे राहतात. त्या महिन्यांत केलेली प्रत्येक सही ही प्रॅक्टिसचा अधिकार नसलेल्या सभासदाची सही ठरते. कायद्याची वा नियमांची तरतूद मोडणं हे कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक गैरवर्तन म्हणून लिहिलेलं आहे. 'विसरलो' हे खरं कारण असतं, पण शिस्तपालनाच्या चौकशीत ते शिक्षा कमी करण्यापुरतंच कामाला येतं.

शिवाय सीओपीला बांधलेल्या बाकीच्या गोष्टीही हलतात. एकट्याच्या मालकीची फर्म असेल तर ती उभीच त्या एका सीओपीवर असते. हाताखाली आर्टिकल असतील तर त्यांना शिकवण्याचा हक्क प्रॅक्टिस करणाऱ्याचा आहे, म्हणजे आपल्या विसरण्याची झळ एकवीस वर्षांच्या पोरांच्या प्रशिक्षणाला लागते. आणि प्रॅक्टिसच्या वाटेने असोसिएट या पहिल्या पायरीच्या सभासदाला फेलो ही वरची पायरी गाठायची तर कायद्यात अट आहे ती भारतातल्या किमान पाच वर्षांच्या सलग प्रॅक्टिसची. 'सलग' हा शब्द वाचताना कोणी थांबत नाही. साडेचार वर्षांनंतर पडलेली न बुजलेली खाच काय करू शकते, हे अर्ज करायच्या वेळी कळतं.

आता दुसऱ्या फीकडे येऊ, सभासदत्वाच्या. ती थकली तर प्रकरण एक पायरी वर जातं. कायद्याच्या कलम 20 मध्ये नोंदवहीतून नाव काढण्याची कारणं दिली आहेत: मृत्यू, सभासदाची स्वतःची विनंती, देय असलेली फी न भरणं, आणि पुढे आणखी काही. नाव निघालं की सीओपी वेगळी रद्द करावी लागत नाही, ती नावाबरोबरच जाते. घर नसलेल्या माणसाला वरच्या मजल्याचा हक्क कुठला? नाव निघाल्याची अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापली जाते, सभासद क्रमांक, नाव, पत्ता आणि तारीख असलेल्या यादीत. ज्यांनी पत्ता आणि मेल बदलून वर्षं झाली, त्यांना कित्येकदा हे कळतही नाही. माझ्या पाहण्यात फी जाणूनबुजून न भरणारे फार थोडे. बहुतेकांची आठवणीची पत्रं जुन्या फर्मच्या मेलवर जात असतात, आणि ती मेल उघडणारं कोणी उरलेलं नसतं.

नाव परत चढवायची सोय त्याच कलमात आहे. थकलेली वार्षिक फी, प्रवेश फी आणि कौन्सिल ठरवेल ती जादा फी भरून अर्ज करायचा. परीक्षा नाही, मुलाखत नाही. फक्त आदेश हातात आल्यावर त्यातली 'कोणत्या तारखेपासून' ही ओळ आधी वाचायची. नाव परत आलं याच्या आनंदात ती ओळ सुटते, आणि मधल्या काळातल्या कागदांचं भवितव्य त्याच ओळीत असतं. सीओपीचा अर्ज वेगळा करायचा असतो, नावाच्या पाठोपाठ ती आपोआप येत नाही. ही चूक तर मी दोनदा पाहिली आहे. माणूस म्हणतो "रिस्टोअर झालो", आणि झालेलं असतं फक्त नाव.

नाव निघालेल्या माणसाने काय करू नये, हे नोकरी करणाऱ्यांनी आणि परदेशी गेलेल्यांनी जास्त नीट वाचावं. दुबई, मस्कत, सिंगापूर इथे आपली कितीतरी मराठी सीए मंडळी वित्त विभागात काम करतात. तिथे त्यांना भारतातलं ऑडिट करायचं नसतं, मग 'फी कशाला' असा विचार येतो. विचार चुकीचा नाही, पण तो अर्धाच केला जातो. सीओपी नको असेल तर ती रीतसर परत करावी आणि सभासदत्व ठेवावं. म्हणजे खर्च कमी होतो आणि नाव राहतं. सभासदत्वही नको असेल तर कलम 20 मधली 'स्वतःची विनंती' ही वाट आहे. थकवून थकवून नाव कापलं जाण्यापेक्षा ती स्वच्छ. पण नाव निघाल्यावर नावाआधी 'सीए' लावता येत नाही. दारावरची पाटी, व्हिजिटिंग कार्ड, मेलखालची सही, ऑनलाइन प्रोफाइल, सगळीकडून ते काढावं लागतं. सभासद नसताना सभासद असल्याचं भासवणं किंवा ही उपाधी लावणं हा कलम 24 खाली गुन्हा आहे. सभासद असून सीओपीशिवाय प्रॅक्टिस करणंही त्याच कलमात येतं. 'सीए फायनल अमुक साली उत्तीर्ण' असं लिहायला कोणाची हरकत नाही, कारण ते खरं आहे आणि खरंच राहणार आहे.

उलट बाजूनेही एक गैरसमज आहे. नाव काढून घेतलं की इन्स्टिट्यूटचा आपल्यावरचा हात सुटला, असं काहींना वाटतं. तसं नाही. ज्या दिवशी गैरवर्तन झाल्याचा आरोप आहे, त्या दिवशी जो सभासद होता, त्याची चौकशी तो नंतर सभासद राहिला नाही तरी होऊ शकते, हे कायद्यातच स्पष्ट केलेलं आहे.

क्लायंटला हे सगळं माहीत असायची गरज नाही. पण त्याला एक गोष्ट घरबसल्या करता येते. हातात पडलेल्या सर्टिफिकेटवर यूडिन आहे का बघायचं, आणि udin.icai.org वर जाऊन तो क्रमांक टाकून पडताळायचा. तिथे सही करणाऱ्याचा तपशील आणि कागदाचा प्रकार दिसतो, तो हातातल्या कागदाशी जुळवायचा. यूडिनची जागा कोरी असेल आणि "नंतर देतो" असं उत्तर मिळालं, तर रागावायचं कारण नाही, साठ दिवसांची सवलत आहेच. मात्र तो कागद बँकेत किंवा वकिलातीत द्यायच्या आधी क्रमांक मागून घ्यावा. आणि सीएला "या वर्षीची सीओपीची फी भरलीत ना?" असं विचारण्यात त्याचा अपमान नाही. मला कोणी विचारलं तर मी पावती काढून दाखवते.

इचलकरंजीच्या त्या मुलीने आता पावतीच्या दोन प्रती काढल्या आहेत. एक फाईलला, दुसरी यूडिनच्या वहीच्या पहिल्या पानाला चिकटवलेली. सभासदत्व आणि सीओपी या दोन ओळींखाली लाल पेनाने रेघ मारली आहे. परवा मी तिकडे गेले होते. तिचा नवा आर्टिकल सहीसाठी कागद घेऊन आला. तिने सही करायच्या आधी लॅपटॉप पुढे ओढला, यूडिन काढला, कागदावर लिहिला, आणि मग पेन टेकवलं.